स्क्रीन फुटली, क्लेम नाकारला : खरेदीची तारीख बिलावरची धरायची की फोन चालू झाल्याची?

कपाशीवाला_घाटंजी · २३ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

राम राम मंडळी. धनत्रयोदशीला, म्हणजे १८ ऑक्टोबर २०२५ ला, तालुक्याच्या दुकानातून १८,९९९ रुपयांचा फोन घेतला. दुकानदाराने गळ घातली म्हणून त्याच दिवशी ११९९ रुपयांचा स्क्रीन फुटण्याचा विमाही काढला. दोन्हीचं पक्कं बिल आहे.

६ जानेवारीला ट्रॉलीत कापूस भरत होतो. खिशातला फोन निसटला, फाळक्यावर आपटला आन खाली गोट्यावर पडला. काचेचं जाळं झालं आणि खालच्या अर्ध्या भागाचा टच गेला. फोन वाजतो, नाव दिसतं, पण उचलता येत नाही, कारण उचलायचं बटण नेमकं खालीच. दुसऱ्या दिवशीच क्लेम टाकला. यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरने ७४०० चा अंदाज दिला.

२१ तारखेला मेल आला, क्लेम नामंजूर. इंग्रजीत आहे, मतलब असा : "आमच्या नोंदीनुसार हँडसेट ३० सप्टेंबर २०२५ ला पहिल्यांदा सुरू झाला. विमा १८ दिवसांनी घेतला. खरेदीपासून १० दिवसांच्या आत विमा घेणे आवश्यक असल्याने हँडसेट अपात्र."

आता मले सांगा, ३० सप्टेंबरला तो फोन माझ्या हातातच नव्हता. मी तेव्हा सोयाबीन काढत होतो. हे अपील कसं लिहायचं?

---

वऱ्हाडी_ठेचा · २३ जानेवारी, रात्री १०.०५

भाऊ, फोनले वर्ष झालं नाही ना? मंग विम्याच्या मागं कायले लागतं? वॉरंटीत बसते, कंपनीले सांग फुकटात बदलून दे म्हणा.

---

मोबाईल_कारागीर · २३ जानेवारी, रात्री १०.२२

ठेचा भाऊ, वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची असते. पडून फुटलेल्या काचेला कोणतीच कंपनी वॉरंटी देत नाही, म्हणून तर हा वेगळा विमा विकतात.

३० सप्टेंबरचं म्हणाल तर मला नवल वाटलं नाही. १४ वर्षं दुकानात काढली आहेत. ३० सप्टेंबर म्हणजे महिना संपला आणि तिमाहीही संपली. दुकानदाराला कंपनीकडून बक्षिसी मिळते ती किती फोन "चालू झाले" यावर. गिऱ्हाईक कमी पडलं की काही दुकानदार चार-पाच डबे उघडतात, सिम टाकतात, इंटरनेट लावतात, कंपनीच्या सर्व्हरला नोंद गेली की फोन पुसून परत डब्यात. सील नीट चिकटवलेलं असलं की गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. तुम्ही फोन पहिल्यांदा सुरू केला तेव्हा भाषा निवडायचा पडदा आला असेल, म्हणून नवाच वाटला. नवाच होता म्हणा, फक्त त्याची जन्मतारीख १८ दिवस आधीची.

---

कपाशीवाला_घाटंजी · २३ जानेवारी, रात्री १०.३१

अरे बापा. डबा उघडताना सीलच्या कडेला दोन पट्ट्या दिसल्या होत्या, एकावर एक. बायको म्हणाली पण होती. मी म्हटलं कंपनीचंच असन.

---

निवृत्त_विमेकरी · २४ जानेवारी, सकाळी ६.५०

मी साधारण विम्याच्या दावे विभागात होतो, आता अमरावतीला घरी असतो. घाई करू नका आणि फोन बाहेर दुरुस्त करून घेऊ नका. काच बदलली की नुकसान पाहायला काही उरत नाही, मग तारखेचा वाद जिंकूनही हात रिकामे.

पत्र लिहिण्याआधी तीन गोष्टी पाहून इथे सांगा.

एक, प्रमाणपत्रावर विमा कंपनीचं नाव आणि आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, नोंदणी क्रमांक आहे का? पुष्कळदा दुकानात "इन्शुरन्स" म्हणून जे विकतात तो विमा नसतोच, एखाद्या सेवा कंपनीचा दुरुस्तीचा करार असतो. तसं असेल तर विमा लोकपालाचा रस्ता बंद, सरळ ग्राहक आयोग.

दोन, पॉलिसीच्या शब्दांचं पूर्ण पुस्तक काढा. दुकानात मिळालेलं दोन पानी माहितीपत्रक नव्हे. त्यात सुरुवातीला व्याख्यांचं पान असतं. तिथे "खरेदीची तारीख" या शब्दांची व्याख्या काय दिली आहे ते शब्द न् शब्द वाचा.

तीन, "पहिल्यांदा सुरू होणे" हे शब्द पुस्तकात कुठे कुठे आले आहेत ते शोधा. पीडीएफ असेल तर activation टाकून शोधा.

---

धडाडी_वणी · २४ जानेवारी, सकाळी ८.१५

इतकं वाचत बसायची गरजच नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, लोकपालाकडे टाका आणि त्याच दिवशी ग्राहक आयोगातही केस ठोका. तिन्हीकडून घेरलं की चार दिवसांत पैसे. शिवाय KYM आणि आयएमईआय लिहून 14422 ला मेसेज करा, फोन कधी विकला ते सरकारच सांगते.

---

निवृत्त_विमेकरी · २४ जानेवारी, सकाळी ९.३०

धडाडी, तुमचा जोर आवडला, पण तिन्ही एकदम करू नका. तोच वाद आयोगात चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. आणि आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवून महिनाभर वाट पाहिल्याशिवाय किंवा त्यांचा नकार हातात आल्याशिवाय लोकपालाकडे जाताच येत नाही. १९१५ वाले तक्रार कंपनीकडे पोचवतात, पाठपुरावा करतात, पण हुकूम देऊ शकत नाहीत.

14422 च्या उत्तरात फोनची कंपनी, मॉडेल आणि तो काळ्या यादीत आहे का एवढं कळतं. जुना फोन घेताना उपयोगी. विक्रीची तारीख त्यात येत नाही.

---

मास्तरीणबाई_दारव्हा · २४ जानेवारी, दुपारी १.१०

माझ्या फोनवर काहीही न पडता हिरवी उभी रेघ आली. विमा होता, तरी नाकारला. म्हणे "बाहेरून आघात नाही". मीही याच धाग्यात लिहिलेलं पत्र वापरू का?

---

मोबाईल_कारागीर · २४ जानेवारी, दुपारी २.०५

बाई, तुमचं उलटं आहे. काचेला तडा नाही आणि रेघ आली तर तो अपघात नाही, दोष आहे. वर्षाच्या आत असेल तर विमा सोडा, वॉरंटी मागा. अपडेटनंतर रेघ आली असेल तर ती तारीखही सांगा, काही कंपन्यांनी अशा वेळी पडदा मोफत बदलून दिला आहे. मात्र पडद्याच्या कोपऱ्यात दाबाची खूण निघाली तर ते हात वर करतील.

---

कपाशीवाला_घाटंजी · २५ जानेवारी, रात्री ८.५५

काका, बायकोच्या फोनवर पीडीएफ उघडून भाच्याकडून वाचून घेतलं. ३१ पानं.

प्रमाणपत्रावर विमा कंपनीचं नाव आहे, नोंदणी क्रमांक आहे. "समूह पॉलिसी" असं लिहिलं आहे आणि वर दुसऱ्याच एका कंपनीचं नाव आहे, तिच्या खाली मी सदस्य.

व्याख्येत, २.४ मध्ये : "खरेदीची तारीख म्हणजे अधिकृत विक्रेत्याने दिलेल्या कर बिलावर छापलेली तारीख." पात्रतेत ३.१ मध्ये : "खरेदीच्या तारखेपासून १० दिवसांच्या आत विमा घेतलेला असावा."

activation शब्द एकदाच सापडला, १९ व्या पानावर, कागदपत्रांच्या यादीखाली : "कंपनी हँडसेटच्या सक्रियतेची नोंद तपासू शकते."

म्हणजे जिंकलो ना?

---

निवृत्त_विमेकरी · २५ जानेवारी, रात्री ९.४०

निम्मं जिंकलात. ३.१ मध्ये जो शब्द वापरला त्याचा अर्थ त्यांनीच २.४ मध्ये बांधून दिला आहे. बिल १८ तारखेचं, विमा १८ तारखेचा, म्हणजे शून्य दिवस. तपासण्याचा हक्क त्यांना १९ व्या पानाने दिला, पण मुदत कुठून मोजायची हे ते पान बदलत नाही. शब्दांत संदिग्धता असली तर ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचायची, हे आपल्या न्यायालयांनी विम्याच्या बाबतीत वारंवार सांगितलं आहे. इथे तर संदिग्धताही नाही.

समूह पॉलिसीची धास्ती घेऊ नका, लोकपाल नियम २०१७ मध्ये समूह पॉलिसीही येते.

आता उरलेलं निम्मं. भाच्याला ३.२ वाचायला सांगा. बहुतेक पॉलिसींत "हँडसेट नवीन व न वापरलेला असावा" असं एक कलम असतं. तारखेवर ते हरले की तुमच्याकडून हीच पळवाट काढतील : १८ दिवस आधी सुरू झाला, म्हणजे वापरलेला. त्याचं उत्तर आत्ताच, याच पत्रात द्या. आणि ३० सप्टेंबरची नोंद खोटी आहे असं म्हणू नका. नोंद खरी असेल, ती तुमची नाही, इतकंच.

---

कपाशीवाला_घाटंजी · २५ जानेवारी, रात्री १०.०२

३.२ तसंच आहे. शब्द "नवीन व न वापरलेला". काका तुम्ही पॉलिसी न पाहता सांगितलं!

उद्या दुकानदाराकडे जातो, त्यानेच लिहून द्यावं की डबा त्याने उघडला होता.

---

कपाशीवाला_घाटंजी · २६ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

झेंडावंदन करून तसाच गेलो. दुकानदाराने आधी ओळखच दाखवली नाही. बिल दाखवलं तर म्हणाला, "तुमच्यासाठी जीव देतो भाऊ, पण हे लिहून दिलं तं कंपनी माहा कोड बंद करीन." चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही लिहून दिलं नसतं, हेही खरं.

---

मोबाईल_कारागीर · २६ जानेवारी, संध्याकाळी ७.००

त्याच्याकडून कबुली मागूच नका. फक्त एवढं मागा : "अमुक क्रमांकाच्या बिलावरचा, अमुक आयएमईआयचा हँडसेट मी १८ ऑक्टोबर २०२५ ला नवीन म्हणून विकला." ३० सप्टेंबरचा उल्लेखच नको. हे तो देईल, कारण हे त्याच्या बिलातच आहे.

आणि आयएमईआय जुळवून घ्या. फोनवर *#06# टाका. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक येतात. बिलावर पहिला आणि प्रमाणपत्रावर दुसरा असला तरी फोन एकच, पण पत्रात दोन्ही लिहा. नाहीतर पुढचं पत्र येईल "हँडसेट जुळत नाही".

---

कपाशीवाला_घाटंजी · २६ जानेवारी, संध्याकाळी ७.०८

खालचा टच नाही ना दादा, * आणि # खालच्याच ओळीत. डब्यावर दोन्ही छापलेत, ते चालतील?

---

मोबाईल_कारागीर · २६ जानेवारी, संध्याकाळी ७.११

पळतील. सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवरही असतात, तो कागद सांभाळा.

---

वऱ्हाडी_ठेचा · २६ जानेवारी, रात्री ८.३०

मी वॉरंटीचं चुकलो होतो बा. पण एक सुचते. नवा फोन चालू केला की जीमेलवर मेल येते ना, "नवीन डिव्हाइसवर साइन इन झालं" म्हणून? मले तं दर वेळेस येते. त्याच्यात तारीख आन फोनचं नाव दोन्ही असते.

---

निवृत्त_विमेकरी · २६ जानेवारी, रात्री ९.०५

ठेचा, हे माझ्या डोक्यात आलं नसतं. आमच्या काळी पोस्टाचा शिक्का शोधायचो. ते मेल शोधा.

---

कपाशीवाला_घाटंजी · २६ जानेवारी, रात्री ९.५०

सापडलं. १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१२, फोनचं मॉडेलही आहे. त्याच दिवशी दुकानदाराला १०,००० यूपीआयने दिले होते (बाकी नगद), त्याची वेळ ६.३८. म्हणजे पैसे दिल्यावर ३४ मिनिटांनी फोन चालू केला. घरी नाही, दुकानाच्या बाकावरच बसून.

हे पत्र बनवलं. पाहा जरा :

> प्रति, तक्रार निवारण अधिकारी.
>
> विषय : स्क्रीन नुकसानीचा दावा नाकारल्याबद्दल अपील. प्रमाणपत्र क्र. …, दावा क्र. …, आयएमईआय १ व २ : …
>
> आपल्या २१ जानेवारी २०२६ च्या पत्रात माझा दावा एकाच कारणाने नाकारला आहे : विमा खरेदीपासून १० दिवसांत घेतला नाही. आपण दिवस ३० सप्टेंबर २०२५ पासून मोजले आहेत. पॉलिसीच्या कलम २.४ प्रमाणे खरेदीची तारीख म्हणजे कर बिलावरची तारीख. माझे बिल १८ ऑक्टोबर २०२५ चे आहे व विमा त्याच दिवशी घेतला आहे. कलम ३.१ ची अट पूर्ण होते. हँडसेट पहिल्यांदा सुरू झाल्याची तारीख मुदतीसाठी धरावी असे पॉलिसीत कुठेही नाही. पान १९ वर केवळ तपासणीचा उल्लेख आहे.
>
> ३० सप्टेंबरची नोंद माझ्या ताब्याच्या आधीची आहे. हँडसेट मला नवीन म्हणून विकला गेला. विक्रेत्याचे पत्र, यूपीआय पावती (सायं. ६.३८) आणि माझ्या खात्यात हा हँडसेट पहिल्यांदा जोडल्याचा मेल (सायं. ७.१२) सोबत जोडले आहेत. त्याआधी हँडसेट वापरला गेल्याचा पुरावा आपणाकडे असल्यास त्याची प्रत द्यावी.
>
> दावा अंदाजपत्रकाप्रमाणे मंजूर करावा. नाकारायचा झाल्यास कलमाच्या क्रमांकासह लेखी कारण द्यावे.

---

निवृत्त_विमेकरी · २७ जानेवारी, सकाळी ७.१५

चांगलं उतरलं आहे. एकच ओळ वाढवा : "अपघाताचे वर्णन दाव्याच्या अर्जात दिल्याप्रमाणेच आहे." आणि खरंच तसंच ठेवा. अर्जात ट्रॉली लिहिली असेल तर इथे बैलगाडी नको. तारखेवर हरणारा अधिकारी गोष्टीतली फट शोधतो.

दाव्याच्या मेलला उत्तर म्हणून पाठवू नका, तो पत्ता दावे विभागाचा. प्रमाणपत्राच्या मागे तक्रार अधिकाऱ्याचा वेगळा मेल असतो, तिथे पाठवा. त्याचबरोबर आयआरडीएआयच्या विमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा, म्हणजे टोकन क्रमांक मिळेल आणि कंपनीच्या घड्याळाला चावी बसेल. दोन आठवड्यांत उत्तर अपेक्षित असतं.

---

धडाडी_वणी · २७ जानेवारी, सकाळी ८.४०

आणि नाही ऐकलं तर आयोग! खर्च शून्य!

---

निवृत्त_विमेकरी · २७ जानेवारी, सकाळी ९.१०

हे मात्र बरोबर बोललात. ५ लाखांपर्यंत मोबदल्याच्या तक्रारीला आयोगात फी नाही आणि २०१९ च्या कायद्यामुळे ते यवतमाळलाच दाखल करता येतं, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. लोकपालाकडेही फी नाही, वकील नाही, फक्त कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत. ७४०० रुपयांसाठी मी आधी लोकपाल म्हणेन, धडाडी आयोग म्हणतील. ज्याने त्याने आपली शेतीची कामं पाहून ठरवावं.

---

कपाशीवाला_घाटंजी · १० फेब्रुवारी, दुपारी ४.३०

काल उत्तर आलं. "दाव्याचा फेरविचार केला असून तो मंजूर करण्यात येत आहे." कलम २.४ बद्दल एक अक्षर नाही, चूक झाली असंही नाही. ५०० रुपये ग्राहकाचा वाटा वजा करून ६९०० मंजूर.

पण सर्व्हिस सेंटर आता म्हणून रायलं की पडदा महाग झाला, ७९०० लागतील. जास्तीचे ५०० कोणी द्यायचे?

---

निवृत्त_विमेकरी · १० फेब्रुवारी, संध्याकाळी ५.१५

जुन्या अंदाजपत्रकावर वैधतेची तारीख छापलेली असते, ती पाहा. ती उलटली असेल तर उशीर कंपनीच्या चुकीच्या नकारामुळे झाला असं लिहून फरक मागा. देतीलच असं नाही. पण मंजुरी नाकारून बसू नका, मंजुरीलाही मुदत असते.

---

धडाडी_वणी · १० फेब्रुवारी, संध्याकाळी ५.४०

५०० साठी आयोग!

---

कपाशीवाला_घाटंजी · १९ फेब्रुवारी, रात्री ८.१०

वैधता १५ दिवसांचीच होती. फरकाचा मेल टाकला, उत्तर नाही. खिशातले १००० घालून पडदा बदलून घेतला. फोन उचलता येतो आता.

एक राहिलंच. फोनच्या सेटिंगमध्ये वॉरंटी अजूनही ३० सप्टेंबरपासूनच दाखवते. म्हणजे माझे १८ दिवस गेलेच का?

---

मोबाईल_कारागीर · १९ फेब्रुवारी, रात्री ८.३५

बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, बहुतेक कंपन्या बिलाप्रमाणे तारीख सुधारून देतात. आजच गेला होतात ना, तेव्हाच सांगायचं होतं!

---

मास्तरीणबाई_दारव्हा · १९ फेब्रुवारी, रात्री ९.००

अभिनंदन. माझी एक रेघ होती, आता तीन झाल्या आहेत. सर्व्हिस सेंटर म्हणतं कोपऱ्यात दाब दिसतो, मला तर भिंग लावूनही दिसत नाही. कारागीर, फोटो कुठे टाकू?